कारागिराच्या पाठीमागचा उजेड: मिरजेच्या व्यक्तिचित्रांच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

डिसेंबरच्या शेवटी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत काढलेले फोटो आज पहिल्यांदा मोठ्या स्क्रीनवर नीट पाहिले. एकूण ९ व्यक्तिचित्रं आहेत, सगळी तंतुवाद्यं बनवणाऱ्या कारागिरांची. प्रत्येकाच्या हातात किंवा शेजारी त्याचं चालू काम आहे: कुणाकडे तंबोऱ्याची दांडी, कुणाकडे भोपळ्यावर नुकतीच बसवलेली लाकडी तबली, तर एकाकडे पॉलिशची वाट बघत असलेला भोपळा. छपाई १६ बाय २४ इंचांत करायची आहे.

चेहरे मनासारखे आलेत. डावीकडच्या खिडकीतून आलेला उजेड गालावरून, नाकावरून हळुवार उतरतो. अडचण उजव्या बाजूला आहे. कारखाने अरुंद, त्यामुळे मागे टांगलेलं गडद राखाडी सुती कापड माणसापासून जेमतेम अडीच फुटांवर होतं, आणि त्याच्यावर वेगळा दिवा लावायला जागाच नव्हती. परिणाम असा की सावलीकडचा खांदा, काळे केस आणि तंबोऱ्याची गडद तपकिरी दांडी कापडात विरघळून गेली आहे. माणूस अर्धाच दिसतो.

कलर पिकरने मोजलं. यातल्याच एका कारागिराच्या, चाचांच्या, तंबोरा घेऊन बसलेल्या मुलाच्या फोटोत (याला पुढे 'तंबोरा १' म्हणतो) डोक्यामागचं कापड २५५ पैकी २४ वर आहे आणि त्याचे केस १८ वर. फरक फक्त ६ चा. छापल्यावर हा फरक उरणारच नाही. उजळ गाल मात्र १९० च्या आसपास आहे.

पुन्हा जाऊन फोटो काढणं शक्य नाही. दोन वाद्यं तयार होऊन गिऱ्हाइकाकडे गेलीसुद्धा. म्हणजे स्टुडिओत कापडावर जो दिवा टाकतात, त्याचा उजेड आता फोटो काढून झाल्यावर तयार करायचा. काम GIMP 2.10 या फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये करणार.

५ जानेवारी

पहिला प्रयत्न, नेहमीच्या रीतीने. माणूस कापून वेगळा लेयर केला, त्याच्याखाली नवा लेयर, त्यावर पांढऱ्यापासून पारदर्शकाकडे जाणारा गोल ग्रेडियंट, लेयरचा मोड `Screen`, अपारदर्शकता ३० टक्के. दहा मिनिटांचं काम.

माणूस वेगळा दिसू लागला, पण फोटो बिघडला. कापडासमोर कुणी धूप जाळलाय आणि धूर तिथेच थांबलाय, असं वाटतं. कापडाचा पोत त्या भागात फिका पडला, घड्यांच्या सावल्या राखाडी झाल्या. शिवाय उजेडाचा मध्य मी डोक्याच्या बरोब्बर मागे ठेवला होता, त्यामुळे देवाच्या तसबिरीतली प्रभावळ झाली. माझ्यासमोर बसलेला माणूस हाताला गोंद लागलेला कारागीर आहे. त्याच्यामागे प्रभावळ नको, दिवा हवा.

धुरकटपणाचं कारण समजून घ्यायला थोडा वेळ दिला. खरा दिवा कापडावर पडतो तेव्हा तो कापडाच्या प्रत्येक बिंदूला त्याच्या मूळ उजळपणाच्या प्रमाणात वाढवतो. उजेड चौपट झाला, तर उजळ धागा चौपट उजळतो आणि दोन धाग्यांमधली काळी फटही चौपटच उजळते. फट मुळातच काळी असल्याने ती चौपट होऊनही काळीच राहते. म्हणजे गुणाकार होतो. `Screen` मध्ये वरून पांढरा रंग मिसळला जातो, आणि तो सर्वांत जास्त परिणाम करतो काळ्यावर. फटी भरून निघतात, आणि डोळा त्याला धूर किंवा धुकं समजतो. म्हणजे रंग ओतायचा नाही, आहे त्याच कापडाचं एक्स्पोजर वाढवायचं.

७ जानेवारी

नवी मांडणी. फाईल आधी `Image > Precision` मधून १६ बिटवर नेली. मूळ फोटोच्या लेयरची प्रत काढली आणि त्या प्रतीला `Colors > Exposure` मधून +2 दिलं. दोन स्टॉप म्हणजे चौपट उजेड. ही प्रत एका लेयर ग्रुपमध्ये ठेवली. आता दोन मास्क, म्हणजे लेयरचा कुठला भाग दिसावा आणि कुठला झाकावा हे ठरवणारे काळे-पांढरे पडदे: प्रतीच्या लेयरला जो मास्क, तो उजेडाचा आकार ठरवतो, ग्रुपला जो मास्क, तो माणसाला झाकतो. दोन्ही वेगळे ठेवल्याचा फायदा लगेच कळला. उजेड इकडेतिकडे सरकवला, लहानमोठा केला, तरी माणसाच्या कडेवर केलेली मेहनत तशीच राहते.

मोजमाप: कापड २४ वरून साधारण ५४ वर गेलं. धुरकटपणा नाही. कापडाची वीण उलट जास्त स्पष्ट दिसते, जशी दिव्याखाली दिसावी तशी.

आणि केसांचं एक कोडं आपोआप सुटलं. काळ्या केसांची कड जवळपास काळ्याच कापडावर काटेकोर कापणं अशक्य आहे, कारण कड नेमकी कुठे आहे हे फोटोतच धड नोंदलेलं नाही. पहिल्या रीतीत सुटे केस एकतर कापले जात होते किंवा त्यांच्याबरोबर कापडाचा काळा पट्टा येत होता. इथे मी केसांवरून मास्कची कड मुद्दाम ढिली ठेवली. सुटे केस उजेडाच्या हद्दीत आले, त्यांचंही एक्स्पोजर वाढलं, ते १८ वरून ४३ वर गेले. पण त्यांच्यामागचं कापड ५४ वर गेलेलं. म्हणजे आधी फरक ६ चा होता, आता ११ चा झाला, आणि प्रत्येक केस आपापल्या जागी गडद रेघ म्हणून उरला. एकही केस हाताने काढावा लागला नाही.

खांदा, बाही, दांडी यांना ही सूट नाही. तिथे कड पक्कीच हवी, म्हणून पाथ टूलने बिंदू टाकत गेलो. एका फोटोला सुमारे ५० मिनिटं.

८ जानेवारी

उजेडाचा आकार अजून पटत नाही. गोल ग्रेडियंटच्या बाहेरच्या कडेला एक पुसट कडं दिसतं. पिकरने मोजलं तर तिथे काहीच नाही, आकडे सरळ उतरत जातात आणि कापडाच्या मूळ उजळपणाला मिळतात. तरी डोळ्याला कडं दिसतंच.

याचं उत्तर जुनं आहे. उतार जिथे अचानक थांबतो तिथे डोळा नसलेली रेघ पाहतो. एर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये याचं वर्णन केलं आणि तेव्हापासून त्या पट्ट्यांना त्यांचंच नाव आहे. साधा ग्रेडियंट एकसारख्या उताराने खाली येतो आणि शून्यावर एकदम सपाट होतो. तिथेच कडं. मध्यभागीही तसंच: उतार टोकदार शिखरावर येऊन उलटतो, म्हणून एक चमकता ठिपका जाणवतो.

खरा दिवा कापडावर कसा उतरतो हे आठवणीवर विसंबून ठरवण्यापेक्षा बघूनच घ्यावं असं ठरवलं. कापड माझ्याकडेच आहे.

११ जानेवारी

सकाळी घरी तेच कापड भिंतीवर टांगलं. अडीच फूट पुढे स्टूल, स्टुलामागे जमिनीवर ९ वॅटचा एलईडी बल्ब, त्यावर बटर पेपरची घडी, तोंड कापडाकडे आणि किंचित वर. खिडक्या बंद. स्टुलावर पुतण्याला बसवलं आणि कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून दोन फोटो घेतले, एक त्याच्यासकट आणि एक त्याला उठवून नुसत्या कापडाचा. या एका तासात जे कळलं ते स्क्रीनसमोर आठवडाभर बसून कळलं नसतं.

उजेड गोल नव्हताच. तो उभट अंड्यासारखा होता आणि सर्वांत उजळ भाग खाली होता, माणसाच्या पाठीआड, कारण दिवा खालून वर बघत होता. डोक्यापर्यंत येताना तो बराच मावळलेला होता, आणि तेवढा मावळलेला उजेडसुद्धा काळ्या केसांची कड दाखवायला पुरेसा होता. मध्याजवळ टोकदार ठिपका नाही. रुंद, जवळजवळ सपाट पठार, मग सावकाश उतार, आणि शेवटी तो कुठे संपतो हे बोट ठेवून सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट घड्यांची. कापडाला उभ्या घड्या होत्या. खालच्या दिव्यात त्यांच्या सावल्या खिडकीच्या उजेडातल्या सावल्यांपेक्षा वेगळ्या पडल्या. माझी एक्स्पोजरची रीत मूळ सावल्याच उजळवते, त्यांची दिशा बदलू शकत नाही. म्हणजे जिथे मोठी घडी आहे तिथे बारकाईने बघणाऱ्याला कळणार की दिवा खोटा आहे. या रीतीची ही मर्यादाच आहे. उपाय एवढाच की उजेडाच्या हद्दीत येणाऱ्या मोठ्या घड्या आधी हील टूलने बुजवायच्या, बारीक वीण मात्र राहू द्यायची. ९ पैकी ३ फोटोंत हे करावं लागेल.

दुपारी मास्क नव्याने केला. ग्रेडियंट टूल सोडून दिलं. काळ्या मास्कवर लंबगोल निवड, पांढरा भराव, निवड काढली आणि `Filters > Blur > Gaussian Blur`. त्यात आडव्या आणि उभ्या दिशेचे आकडे वेगळे देता येतात, म्हणून साखळी उघडून `Size X` ला 450 आणि `Size Y` ला 650 दिलं. फोटो ४००० बाय ६००० पिक्सेलचा आहे, त्या मानाने हे आकडे मोठे नाहीत. असा धूसर केलेला लंबगोल मध्याजवळ सपाट असतो आणि कडेला हळू मावळतो. घरी कापडावर जे दिसलं, ते जवळपास हेच. कडं गेलं.

१२ जानेवारी

आज फक्त जागेचा विचार केला. उजेडाचा मध्य कुठे?

खिडकी डावीकडे, त्यामुळे चेहऱ्याची डावी बाजू उजळ आणि उजवी सावलीत. डाव्या बाजूला उजळ गाल गडद कापडावर आपोआप उठून दिसतो, तिथे उजेडाची गरज नाही. गरज आहे उजवीकडे, जिथे गडद खांदा गडद कापडावर आहे. म्हणून मध्य माणसाच्या पाठीमागे न ठेवता सावलीकडे सरकवला: आपल्या दृष्टीने उजव्या खांद्याच्या थोडा बाहेर, मानेपेक्षा खाली. आता चित्र डावीकडून उजवीकडे वाचलं तर गडद कापड, उजळ गाल, सावलीतला गाल, उजळ कापड असा क्रम येतो. प्रत्येक कडेला उजळ आणि गडद समोरासमोर. जुने व्यक्तिचित्रकार रंगातही हेच करायचे.

हाच उजेड डावीकडे पसरू दिला तर काय होतं तेही करून पाहिलं. उजळ गालामागे उजळ कापड आलं आणि चेहऱ्याचा जोर लगेच ओसरला. मागचा उजेड जास्त झाला नाही ना, हे कळायची साधी खूण: डोळे बारीक करून बघायचं. पहिली नजर कापडाकडे गेली तर उजेड जास्त आहे. चेहऱ्याकडे गेली, मग खांद्याकडे, आणि कापड नुसतं आहे एवढंच जाणवलं, तर बरोबर.

'तंबोरा १' साठी शेवटी +2 चाही थोडा जास्तच वाटला. ग्रुपची अपारदर्शकता ८० वर आणली.

१४ जानेवारी

संक्रांत. काम थोडंच. तीन फोटोंचे पाथ टाकून झाले.

१५ जानेवारी

एक चूक सापडली, जी सगळ्या फोटोंत असणार. 'तंबोरा १' मध्ये तो कोपर बाहेर काढून दांडी धरून बसलाय. कोपर, कंबर आणि भोपळ्याचा वरचा भाग यांच्यामध्ये एक त्रिकोणी खाच आहे, आणि त्या खाचेतून मागचं कापड दिसतं. मी माणसाची बाहेरची कड नीट आखली आणि आतली खाच माणसातच धरली. त्यामुळे बाहेर उजेड आणि खाचेत काळोख. तो काळा त्रिकोण एकदा दिसला की नजर तिथेच जाते. खाच मास्कमधून मोकळी केली.

आता प्रत्येक फोटोसाठी ग्रुपचा मास्क एकटाच दाखवून तपासतो (मास्कवर `Alt` दाबून क्लिक). काळ्या आकृतीत कुठे पांढरी खिडकी असायला हवी होती आणि ती नाही, हे तिथे चटकन कळतं. तंबोऱ्याच्या तारांची धास्ती होती, पण त्या दांडीवरून आणि तबलीवरूनच जातात, त्यांच्यामागे कापड येत नाही. खुंट्या मात्र बाहेर येतात, त्या एकेक आखाव्या लागल्या.

१७ जानेवारी

उजेड वाढवला की अंधारात दडलेला नॉइज पण वाढतो. कारखान्यात उजेड कमी म्हणून आयएसओ १६०० होता. कापडाच्या काळ्या भागात जे रंगीत ठिपके झाकलेले होते ते चौपट उजेडात वर आले. हिरवे, जांभळे. साध्या सुती कापडावर ते वाळूसारखे दिसतात.

म्हणून उजळलेल्या प्रतीवर नॉइज रिडक्शन चालवलं, जरा जोरातच. कापड गुळगुळीत झालं. आणि त्याबरोबर पट्टे आले: उजेडाच्या उतारावर झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे.

हिशेब सरळ आहे. उजेड ५४ वरून २४ वर उतरतो, म्हणजे ३० पायऱ्या. हा उतार १५०० पिक्सेलांत पसरलाय, म्हणजे एक पायरी ५० पिक्सेल रुंद. कापडाची वीण आणि नॉइज असताना या पायऱ्या विस्कटून जात होत्या, दिसत नव्हत्या. मी कापड गुळगुळीत केलं आणि पायऱ्या उघड्या पडल्या. फाईल १६ बिटची असली तरी निर्यात केलेली जेपीईजी ८ बिटचीच, आणि स्क्रीनही बहुतेक तेवढाच.

उपाय दोन पायऱ्यांचा. नॉइज रिडक्शन कमी केलं, एवढंच की रंगीत ठिपके जावेत आणि वीण राहावी. मग त्याच लेयरवर `Filters > Noise > HSV Noise` ने अगदी थोडा नॉइज परत घातला, फक्त उजळपणाचा. रंगछटा आणि संपृक्तता शून्य. प्रमाण बरोबर आहे हे कसं ठरवलं: १०० टक्क्यांवर चेहऱ्याच्या सावलीतल्या भागात जेवढा दाणा दिसतो, तेवढाच कापडावर दिसला पाहिजे. कापड गुळगुळीत आणि गाल दाणेदार असला, तर माणूस दुसऱ्या फोटोतून आणून चिकटवल्यासारखा वाटतो, उजेड कितीही नीट असो.

१९ जानेवारी

कडेबद्दल शेवटची गोष्ट. पाथने आखलेली खांद्याची कड आता फार धारदार वाटते. मास्क आत गेला की खांद्यावर फिकट पट्टी येते, बाहेर राहिला की खांद्याभोवती काळी किनार उरते. काळी किनार जास्त घातक आहे, कारण डोळा तिला लगेच पकडतो. कात्रीने कापलेल्या चित्रासारखी ती दिसते.

घरी काढलेला पुतण्याचा फोटो पुन्हा उघडून त्याच्या खांद्याची कड मोठी करून पाहिली. खऱ्या उजेडात कड धारदार नसते. मागचं कापड उजळ असलं की त्याचा थोडा उजेड कापडाच्या तंतूंवरून, कानाच्या पाळीवरून पुढे वळतो. म्हणून ग्रुपच्या मास्कला ४ पिक्सेलचा ब्लर दिला. ४००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत हे फारच थोडं, पण खांद्यावर उजेड किंचित सांडतो आणि माणूस त्या जागेत बसतो.

भोपळ्याला मात्र हे पुरलं नाही. चपड्याचं पॉलिश केलेला भोपळा चकाकतो, आणि चकाकणारा गोल पृष्ठभाग कडेला, जिथे तो आपल्या नजरेपासून वळून जातो, तिथे मागच्या उजळ भागाचं प्रतिबिंब सर्वांत जास्त दाखवतो. मागे उजळ कापड आणि भोपळ्याची कड निर्जीव, हे जुळत नाही. भोपळ्याच्या उजव्या कडेपुरता मास्क मऊ ब्रशने १५ पिक्सेल आत ढकलला आणि ब्रशची अपारदर्शकता ३० टक्के ठेवली. एक बारीक, फिकट रेघ उमटली. भोपळा एकदम गोल झाला, पोकळ आहे हेसुद्धा जाणवायला लागलं. आजवर केलेल्या कामातला हा तुकडा मला सर्वांत आवडतो.

२२ जानेवारी

टोपीचा फोटो. चाचा (वडील) पांढरी जाळीची टोपी घालून, अंगात गडद जाकीट. यांना तंबोरा १ चीच रीत लावली आणि फसली. टोपी मुळात २१० वर, म्हणजे गडद कापडावर ती आपोआप उठून दिसत होती. मागे उजेड आणला तर टोपीचा उठाव कमी झाला आणि जाळी हरवली. वेगळं करायचंय ते जाकीट. म्हणून लंबगोल पुष्कळ खाली नेला, मध्य कोपराच्या उंचीवर, आणि टोपीपर्यंत येईस्तोवर उजेड जवळपास शून्य. जाकिटाची बाही पूर्ण वाचता येते, टोपी आधीसारखीच चमकते.

म्हणजे ९ फोटोंना एकच लंबगोल चालणार नाही. प्रत्येकात काय बुडालंय ते आधी शोधायचं, आणि उजेड तिथेच.

२५ जानेवारी

मिरजेत जाऊन फोटो दाखवले, ए४ प्रिंट काढून. चाचांनी स्वतःचा फोटो बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "माझ्या मागं दिवा लावला व्हता व्हय तुमी? मला तर काय दिसला न्हाई." मी त्यांना खरं सांगितलं, की दिवा नंतर घातलाय आणि बाकी काही बदललेलं नाही. त्यांनी मान डोलावली. "बरं केलंसा. जाकीट नवंच व्हतं."

मुलाच्या फोटोवर मात्र त्यांचं बोट थांबलं. "ही खुंटी आखूड झाल्या." मी बघतच राहिलो. दांडीच्या कडेला बाहेर येणाऱ्या खुंटीचं टोक माझ्या मास्कच्या बाहेर राहून उजेडात बुडालं होतं. जेमतेम दहा-बारा पिक्सेल. मी हा फोटो निदान शंभर वेळा पाहिला असेन. चाचांनी हातात घेऊन अर्ध्या मिनिटात सांगितलं, कारण खुंटी केवढी असते हे त्यांच्या बोटांना माहीत आहे.

मूळ फोटो उघडून सगळ्या खुंट्या त्यांच्यासमोर लॅपटॉपवर तपासल्या. आणखी एका फोटोत तबलीच्या कडेची नक्षी असलेली पट्टी एका जागी पातळ झाली होती, तीही त्यांनीच दाखवली. दोन्ही तिथेच बसून दुरुस्त केलं.

२८ जानेवारी

छपाईची चाचणी. मॅट कागदावर १६ इंच रुंदीच्या पट्ट्या काढल्या, फक्त खांदा आणि कापडाचा भाग. स्क्रीनवर जो उजेड नेमका वाटत होता तो कागदावर अर्धाच उरला. मॅट कागदाचं काळं स्क्रीनच्या काळ्याइतकं खोल नसतं, त्यामुळे सगळ्यात गडद छटा एकमेकींत मिसळतात आणि उजेडाची खालची पायरी त्यातच जाते. शिवाय कागद स्वतः उजळत नाही.

तीन पट्ट्या केल्या: ग्रुपची अपारदर्शकता ८०, १००, आणि तिसरीत प्रतीला +2 ऐवजी +2.5. तिन्ही भिंतीवर लावून, ज्या दिव्याखाली प्रदर्शन लागणार तसाच दिवा वर लावून, आठ फुटांवरून पाहिल्या. १०० टक्क्यांची पट्टी बरोबर. +2.5 वर पुन्हा कापड आधी दिसतं, माणूस नंतर. छपाईच्या फाईली वेगळ्या ठेवल्या, नावाच्या शेवटी `_matt` जोडून. स्क्रीनसाठीच्या ८० टक्क्यांवरच.

पट्टे कागदावर कुठेच दिसले नाहीत. फोनवर पाठवलेल्या प्रतीत मात्र पुन्हा दिसले, कारण पाठवताना फोटो जोरात दाबला जातो आणि तो बारीक दाणाच आधी पुसला जातो. फोनसाठीच्या प्रती आधीच २००० पिक्सेलांवर लहान करून, त्यानंतर दाणा घालून केल्या. थोडा फरक पडला, पूर्ण नाही. त्यापुढे कागदपत्रासारखी फाईल म्हणून पाठवतो, मग ती दाबली जात नाही.

२ फेब्रुवारी

नऊही फोटो पूर्ण. प्रत्येकाच्या फाईलमध्ये मूळ फोटोचा लेयर तळाशी, न बदललेला. एक सोडून बाकी सगळ्यांत त्यावर उजेडाचा ग्रुप. ग्रुपचा डोळा बंद केला की डिसेंबरमधला कारखाना परत दिसतो. ज्यांचे फोटो आहेत त्यांना दोन्ही प्रती दिल्या आहेत.

एक फोटो मी उजेडाशिवायच ठेवला. त्यात सगळ्यात वयस्कर कारागीर जमिनीवर बसून भोपळ्याच्या कडेवर कानस फिरवतायत, मान खाली, खिडकीचा उजेड फक्त हातांवर आणि भोपळ्यावर. पाठ आणि खांदे काळोखात आहेत. तिथे लंबगोल लावून पाहिला, तांत्रिकदृष्ट्या काहीच चुकलं नव्हतं. पण खांदे वेगळे दिसू लागले आणि नजर हातांवरून उठून वर गेली. ग्रुप पुसून टाकला.

उद्या फाईली छापायला देतो.